आठ आणि सहाचा गठ्ठा

ज्ञानेशची आई जूनमध्ये कोल्हापूरला गेली ती पूजाच्या मुलासाठी. पूजा म्हणजे ज्ञानेशची धाकटी बहीण. तिची रजा संपली होती, सासूबाई मागच्याच वर्षी गेल्या होत्या, आणि नऊ महिन्यांचं पोर पाळणाघरात ठेवायला तिचं मन धजत नव्हतं. दिवाळीपर्यंत जाते आणि येते, असं सांगून मंदाकिनीबाई दोन बॅगा घेऊन एसटीत बसल्या. इंदिरानगरच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ज्ञानेश एकटा राहिला.

त्याचं वय छत्तीस. सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात नोकरी. सकाळी साडेआठला मोटरसायकल काढायची, संध्याकाळी सातच्या सुमारास परत यायचं. लग्नासाठी सात-आठ वर्षं स्थळं पाहून झाली होती. आधी मुलींकडून नकार येत गेले, मग स्थळंच येईनाशी झाली, आणि घरात तो विषय कोणी काढत नसे. आई होती तोवर घरात दिवसभर काही ना काही आवाज असायचा. ती गेल्यावर पहिले काही दिवस ज्ञानेशला बरंच वाटलं. टीव्ही त्याच्या मनाप्रमाणे लागत होता, ओला टॉवेल पलंगावर पडला तरी कोणी बोलत नव्हतं.

पण आई तशी पूर्ण गेली नव्हती. सोसायटीने वर्षभरापूर्वी गेटसाठी एक अ‍ॅप घेतलं होतं. कोणी आलं की वॉचमन आपल्या मोबाईलमध्ये फ्लॅटचा नंबर टाकायचा, मग त्या घरच्या फोनवर विचारणा जायची, आत सोडू का. घरातल्यांनी होय म्हटलं की फाटक उघडायचं, आणि माणूस आत शिरला की तशी सूचना यायची. फ्लॅट आईच्या नावावर होता, त्यामुळे अ‍ॅपमध्ये पहिलं नाव तिचं. पूजाच्या नवऱ्याने नवा फोन घेतल्यावर त्याचा जुना आयफोन सासूला दिला होता, आणि मंदाकिनीबाई त्यावर सगळं शिकल्या होत्या. विचारणा दोघांच्या फोनवर यायची. जो आधी बोट लावेल त्याचं खरं. आधी बोट आईचंच लागायचं.

त्यामुळे ज्ञानेशने नाशिकमध्ये काही मागवलं की ते कोल्हापुरात त्याच क्षणी कळायचं. पार्सल हातात पडायच्या आत फोन यायचा. आज परत बाहेरचं का, सकाळची पोळी होती ना, कणीक संपली असेल तर गिरणीवाल्याला सांगते. कुरिअर आलं तर काय मागवलंस, केवढ्याचं. गॅस आला तर सिलिंडरचं सील बघून घेतलंस का. कामवाल्या बाई आल्या नाहीत हेही तिला त्याच्या आधी कळे, कारण सूचना आली नाही म्हणजे बाई आल्या नाहीत. एकदा कारखान्यात पुरवठादारासोबत दरावरून बोलणं चाललेलं असताना तिने तीनदा फोन केला. काही झालं की काय म्हणून तो उठून बाहेर गेला, तर इस्त्रीवाला आला होता आणि घरात कोणी नव्हतं, एवढंच.

कहर झाला तो ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी. ज्ञानेशने बिर्याणी मागवली होती. बराच वेळ झाला तरी येईना म्हणून तो चपला घालून खाली गेला. गेटवर वॉचमन झिपरू होता. पेठ तालुक्याकडचा, पन्नाशीचा माणूस, दोन वर्षांपासून या सोसायटीत.

"तो येऊन गेला ना साहेब," झिपरू म्हणाला. "आईंनी नाय म्हटलं."

आईने कोल्हापुरातून पार्सलवाल्याला परत पाठवलं होतं. श्रावणी सोमवार होता.

ज्ञानेश त्या दिवशी फोनवर जे बोलला ते त्याला नंतर आठवलं की नको वाटायचं. तसं फार काही नव्हतं, पण आवाज चढला होता. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं, चुकलं माझं." आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्याच्या सूचनेवर पुन्हा फोन आला.

गौरी-गणपतीला ती चार दिवस नाशिकला आली. गौरी जेवल्या त्या दुपारी तिने आपला फोन त्याच्या हातात दिला. फोन जागा नाही म्हणतोय, नको ते फोटो काढून टाक म्हणाली, आणि आत जाऊन आडवी झाली. ज्ञानेशने फोटो काढून टाकले. मग तो तसाच फोन घेऊन बसला. त्याच्या स्वतःच्याही फोनवर एक सोय होती, कारखान्यातल्या कोणीतरी दाखवलेली. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स, त्यात शेड्यूल्ड समरी. ती चालू केली की आपण निवडलेल्या अ‍ॅपच्या बारीकसारीक सूचना दिवसभर टणटण करत येत नाहीत. त्या साठून राहतात आणि ठरवलेल्या वेळी एकत्र, एका गठ्ठ्यात दिसतात. फोनने स्वतःच सुचवलेल्या वेळा होत्या सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा. त्याने त्या तशाच ठेवल्या.

मग कुठली अ‍ॅप गठ्ठ्यात टाकायची त्याची यादी आली. कोण दिवसाला साधारण किती सूचना पाठवतं तेही तिथे दिसत होतं. साड्यांचं दुकान सगळ्यांत वर, मग बातम्या, मग गेट. ज्ञानेशने तिन्ही निवडली. भजनांचं एक होतं तेही टाकलं, म्हणजे एकट्या गेटचंच केलंय असं दिसायला नको. खाली लिहिलं होतं की फोन, थेट आलेले मेसेज आणि तातडीच्या सूचना या गठ्ठ्यात न अडकता लगेच पोचतील. गेटवरची 'सोडू का' ही विचारणा तातडीचीच होती. ती तशीही आईला लगेच गेली असती. म्हणून त्याने आपल्या फोनवरून अ‍ॅपमध्ये नेहमीच्या पार्सलवाल्यांना, दुकानांच्या पोरांना, कॅबवाल्यांना, सगळ्यांनाच कायमची परवानगी देऊन टाकली. आता विचारणाच होणार नव्हती. नुसतं 'आत आले' एवढं जाणार होतं, आणि ते साधं असल्याने सहा किंवा आठ वाजेपर्यंत थांबणार होतं.

हे सगळं करायला चहा गार होईल एवढासुद्धा वेळ लागला नाही. त्याने फोन देवघराशेजारी नेऊन ठेवला. आई उठल्यावर तिने विचारलं, झालं का रिकामं. तो हो म्हणाला.

आई परत कोल्हापूरला गेली आणि फोन थांबले.

सगळेच नाही. रविवारी सकाळी ती करायचीच. पण मधल्या दिवसांचे फोन गेले. ज्ञानेशने पहिल्या आठवड्यात तीनदा बाहेरून मागवलं आणि शांतपणे जेवला. दुसऱ्या आठवड्यात जेवताना त्याच्या लक्षात आलं की आपण फोन ताटाशेजारी पालथा न ठेवता उताणा ठेवलाय.

आईचे ते फोन म्हणजे दोन-अडीच मिनिटांची कटकट होती, हे खरंच होतं. पण कारखान्यातून निघाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा आत शिरेपर्यंत त्याच्याशी कोणी बोलायचं तर तेवढंच बोलायचं, हे त्याला तेव्हा मोजता आलं नव्हतं. कारखान्यातले मित्र संसाराला लागलेले. सुटीच्या दिवशी कोणी मिसळ खायला बोलावलं तर ते कुटुंबासह असत, आणि ज्ञानेशला टेबलाच्या कोपऱ्यावर जागा मिळे. हळूहळू त्याने तिकडे जाणं कमी केलं. संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर तो दोन फेऱ्या मारायचा. रोज तीच माणसं समोरून यायची, मान हलवायची, पुढे जायची. घरी आल्यावर कुलूप उघडायचा आवाजसुद्धा मोठा वाटे.

सप्टेंबर संपता संपता त्याला ताप आला. पहिल्या दिवशी अंगावर काढला. दुसऱ्या दिवशी उठवेना, तेव्हा संध्याकाळी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना फोनवर विचारून त्याने औषधं घरपोच मागवली. औषधाच्या दुकानाचा मुलगा सातच्या सुमारास येऊन गेला. गोळ्यांची पिशवी उशाशी ठेवून ज्ञानेश पडून राहिला आणि फोनकडे बघत राहिला.

पूर्वी आईला एव्हाना कळलं असतं. औषधं कशाला, कोणाला, ताप किती, मोजलास का, डोळे लाल आहेत का. तिने पूजाला फोन करायला लावला असता, शेजारच्या काकूंना उठवलं असतं. तो चिडला असता. आता फोन पलंगावर गप्प पडून होता. सहाचा गठ्ठा निघून गेला होता. गोळ्यांची बातमी रात्रभर कुठेतरी अडकून राहणार आणि सकाळी आठला बाहेर पडणार, हे त्याला ठाऊक होतं. ते त्यानेच तसं करून ठेवलं होतं. नुसता नंबर लावून आई, मला ताप आलाय, असं सांगता आलं असतं. त्याने दोनदा नंबर काढला. आपण स्वतःहून आईला असं काही सांगण्यासाठी फोन केल्याचं त्याला आठवेना. नेहमी तिचाच यायचा.

सकाळी आठ वाजले. मग नऊ. दहाला तो उठून तोंड धुऊन आला. फोन आला नाही.

दुपारी झिपरूने दार वाजवलं. गाडी दोन दिवस हलली नाही म्हणून बघायला आला होता. ज्ञानेशचं तोंड बघून तो परत खाली गेला. तासाभराने आपल्या खोलीतून तांदळाची पेज घेऊन आला, पातेल्यावर ताटली झाकून. ज्ञानेशने दारातच उभं राहून ती घेतली. झिपरू म्हणाला की भांडं उद्या दिलं तरी चालेल. ज्ञानेश त्याला आत ये म्हणणार होता, पण गेटवर कोणी नव्हतं, आणि झिपरू जिना उतरू लागलाही.

रविवारी आईचा फोन आला तेव्हा तो बरा झाला होता. ती भाच्याच्या दाताबद्दल बोलली. दोन वर आलेत, एक खाली येतोय. तू बरा आहेस ना, असं तिने नेहमीसारखं विचारलं आणि तो नेहमीसारखा हो म्हणाला. औषधांबद्दल ती काही बोलली नाही. तिने वाचलं नव्हतं, की वाचून गप्प होती, हे त्याला कळेना. विचारायची सोयही नव्हती.

ऑक्टोबरात पूजाचा फोन आला, तिच्या कुठल्याशा कागदपत्रांसाठी. बोलता बोलता ती म्हणाली, "दादा, एक सांगू? आई हल्ली खूप निवांत झालीय. आधी सारखा तो फोन हातात. जेवता जेवता उठायची. बाळाला झोपवताना टण वाजलं की बाळ जागं. आता म्हणते, ज्ञानेश सुधारला, घरीच करून खातो, माझी काळजी गेली."

ज्ञानेशने चांगलंय म्हणून फोन ठेवला. ओट्यावर कालच्या पार्सलचे डबे तसेच पडले होते.

दिवाळीला तो कोल्हापूरला गेला होता, पण तिथे पाहुणे होते, आणि आईशी एकट्याने बोलायला मिळालं नाही. परत येताना आईही यायची होती. ती म्हणाली, थोडं थांबते, नोव्हेंबरात पेन्शनच्या दाखल्यासाठी यायचंच आहे. ज्ञानेशचे वडील पाटबंधारे खात्यात होते. ते गेल्यावर तिला पेन्शन मिळायची, आणि दरवर्षी बँकेत जाऊन आपण हयात आहोत असं दाखवून यावं लागायचं.

ती आली तेव्हा नाशिकमध्ये थंडी पडायला लागली होती. ज्ञानेश कामावर होता. महामार्ग बसस्थानकावरून कॅब करून ती दुपारी एकटीच घरी आली. तो सुटी टाकून न्यायला येतो म्हणाला होता, तिने नको सांगितलं. संध्याकाळी तो लवकर निघून साडेपाचला घरी पोचला, तर घरात वरणाला फोडणी दिल्याचा वास होता आणि ओटा घासून लख्ख झाला होता. फ्रीज उघडून पाहिल्याचंही दिसत होतं. कोथिंबीर निवडून डब्यात ठेवली होती, सॉसच्या पुड्या एका वाटीत जमा केल्या होत्या. त्या पुड्यांवरून ती काही बोलली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

चहा घेत ते दोघं जेवणाच्या टेबलाशी बसले. तिने सरळच सांगितलं की ती अजून दोन वर्षं तरी पूजाकडे राहील म्हणते. बाळ बालवाडीत जाईपर्यंत. तिथे खालच्या मजल्यावर बायकांचं भजनी मंडळ आहे, त्यात ती जायला लागलीय, पेटीही शिकतेय. आणि तू आता नीट राहतोस. ज्ञानेश मान हलवत राहिला. तिने भाच्याचे फोटो दाखवायला फोन उचलला. सहा वाजून गेले होते. लॉक स्क्रीनवर समरी येऊन पडली होती.

तिने चष्मा लावला आणि गठ्ठ्यावर बोट ठेवून तो उघडला. वर दोन मोठ्या चौकोनांत साडीचा फोटो आणि बातमीतला फोटो, खाली बाकीचं लहान अक्षरात. ती ओळीने वाचत गेली. मग थांबली आणि हसली.

"हे बघ. दुपारी दोनला कॅब आत आली म्हणतंय. म्हणजे मी आले ते मला आत्ता कळलं."

ज्ञानेशलाही हसू यायला हवं होतं. तो टेबलावरचा चहाचा डाग बोटाने पुसत बसला.

"आई, ते मी केलंय," तो म्हणाला. "गणपतीत तू फोन दिला होतास ना. तेव्हा."

मग त्याने सगळं सांगितलं. बिर्याणीचा राग, ती आत झोपली होती ते, साड्यांचं आणि भजनांचं अ‍ॅप मुद्दाम त्यात घातलं ते. मी घरी करून खातो हे खरं नाही, तेही सांगितलं. आठवड्यातून चार दिवस बाहेरचंच असतं. तुला ते वेळेवर कळू नये एवढंच मी पाहिलं.

"बाहेरचं येतं ते मला माहितीये," आई म्हणाली. "सकाळी वाचते ना चहा घेताना. अमकं आलं, तमकं आलं. आधी वाटलं फोन बिघडला. मग जावयांनी सांगितलं, असं असं आहे, काढून टाकू का. मीच म्हटलं राहू दे."

"मग पूजा म्हणाली, तू म्हणतेस की मी सुधारलो."

"पूजाला काय सांगणार? की मला कळतं पण मी काही बोलत नाही?" तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ज्ञानेश, मी तिथे होते पण तिथे नव्हतेच रे. बाळ मांडीवर आणि कान तुझ्या गेटला. टण झालं की उठ. दोनशे कोसांवर बसून मी तुझं दार उघडत होते. आता काय, रात्रीचं जेवण सकाळी कळतं. जेवलास, झोपलास, उठलासही असशील. मग रागावून काय करायचं? वाचते आणि कामाला लागते. बरं वाटतं मला तसं."

ज्ञानेशला वाटलं होतं ती चिडेल, निदान दुखावेल. तिला सुटल्यासारखं वाटलं असेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"सप्टेंबरात औषधाचं आलं होतं," तो म्हणाला. "ते वाचलंस?"

"कसलं औषध?"

"ताप होता तीन दिवस. दुकानाचा मुलगा देऊन गेला. सातला. तुला सकाळी गेलं असणार."

आईने फोनकडे पाहिलं, जणू ते अजूनही त्यात सापडेल. तिने आठवून पाहिलं. त्या दिवसांत बाळाचे दात येत होते, रात्र रात्र रडायचं. सकाळी कधी गठ्ठा उघडायची, कधी नाही. वर तो साडीचा फोटो मोठा दिसतो, खालचं बारीक. एखाद्या दिवशी नुसतं बाजूला सारते. असं ती बोलत होती आणि बोलता बोलता तिचा आवाज खाली गेला.

"कोणी केलं तुझं?"

"झिपरूने पेज आणली होती."

ती उठली. ओट्याशी गेली, गॅसची शेगडी आधीच बंद होती तरी बटण फिरवून पाहिलं, आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली. ज्ञानेशला कळलं की ती रडत नाहीये, पण वळतही नाहीये. बाहेर कोणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा भोंगा वाजत होता.

"बंद करतो ते," ज्ञानेश म्हणाला. त्याने तिचा फोन ओढून घेतला. "पुन्हा लगेच येईल सगळं. आधीसारखं."

"नको." ती वळली. "आधीसारखं नको मला. आणि खरं सांगायचं तर तुलाही नको आहे."

"मला हवंय," तो म्हणाला. एवढं स्पष्ट बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. "तू रागवायचीस ते मला हवंय. संध्याकाळी घरात कोणी बोलत नाही, आई."

आई पुन्हा येऊन त्याच्यासमोर बसली. तिने त्याच्या हातातून फोन काढून घेतला, पण सेटिंग्जमधून ती बाहेर पडली नाही. त्याच पानावर बघत तिने विचारलं, ताप आला तेव्हा मला फोन का नाही केलास? फोन तर या गठ्ठ्यात जात नाही, जावई म्हणत होते. फोन आला की वाजतोच.

"काय बोलायचं ते सुचलं नाही."

"ताप आलाय म्हणायचं."

"नुसतं तेवढंच?"

"मग अजून काय असतं?" ती म्हणाली. पण तिलाही ते पुरेसं वाटलं नसावं. मग ती म्हणाली की तिलाही कधी कधी दुपारी वाटतं फोन करावा, पण गेटचं काही आलेलं नसेल तर कशाबद्दल करायचा ते कळत नाही. तुझे बाबा होते तेव्हा तूही जास्त बोलायचास, आणि मीही. आपल्या दोघांचं बोलणं असं नव्हतंच कधी. मी विचारायचं आणि तू हो म्हणायचं.

शेवटी समरी तशीच राहिली. फक्त साड्यांचं अ‍ॅप तिने त्याच्याकडून फोनमधून काढून टाकून घेतलं. वर जागा अडवतंय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेशने रजा घेतली आणि ते बँकेत गेले. मशीनवर तिचा अंगठा दोनदा लागला नाही. भांडी घासून रेषा गेल्या असतील, असं तिथल्या मुलीने सांगितलं. तिसऱ्यांदा लागला. येताना आईने झिपरूसाठी एक स्वेटर घेतला आणि गेटवर स्वतः त्याच्या हातात दिला. झिपरूने तो तिथेच अंगात घालून दाखवला. बाह्या थोड्या लांब होत्या.

चार दिवसांनी ती गेली. बसस्थानकावर गर्दी होती, बस वेळेवर लागली, आणि बोलायचं राहूनच गेलं. खिडकीतून तिने हात केला तेव्हा शेजारच्या बाईची पिशवी मध्ये आली.

त्या संध्याकाळी ज्ञानेशने स्वतः फोन लावला. पोचलीस का, हे विचारणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी लावला तर ती भजनाला गेली होती. पूजाने सांगितलं, आल्यावर सांगते. आई आल्यावर विसरली, किंवा बाळ रडलं असेल. तिसऱ्या दिवशी ती घाईत होती. कुकर लावलाय, उद्या करते म्हणाली. उद्याही त्यानेच केला. तो ठरवून सात वाजता करायचा, म्हणजे सकाळचा आणि सहाचा, दोन्ही गठ्ठे तिने वाचलेले असतील आणि ती काहीतरी काढेल असं त्याला वाटे. तिने एकदा विचारलं, काल बाहेरून काय मागवलंस, पनीर का. त्याने हो म्हटलं. मग ती पनीरबद्दल थोडं बोलली.

काही दिवशी दोन मिनिटांत संपायचं. काही दिवशी ती उचलायचीच नाही, आणि तो एकटाच जेवून ताट घासून ठेवायचा. डिसेंबरात एकदा त्याने वांग्याचं भरीत केलं. जळलं, पण सांगायला काहीतरी झालं म्हणून त्याने फोन लावला आणि जळलं म्हणून सांगितलं. आई म्हणाली, तेल लावून भाजायचं असतं वांगं. तो बरं म्हणाला. मग तिच्याकडचं संपलं आणि त्याच्याकडचंही संपलं.

ठेवते आता, असं ती म्हणेल म्हणून तो थांबला. ती म्हणाली नाही. पलीकडे बाळ काहीतरी आपटत होतं, कोणीतरी नळ सोडला आणि बंद केला. ज्ञानेशने फोन कानाला तसाच धरून खुर्ची ओढली आणि खाली बसला.

"आहेस का?" आईने विचारलं.

"आहे," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा गप्प झाली. फोन मात्र तिने ठेवला नाही.